मदत हवी आहे: चॅनेल बदललं की जाहिरात किंचाळते, Auto Volume लावूनही फरक नाही

आर्वीची_सून
जाहिरात लागली की आवाज एकदम दुप्पट होतो, चॅनेल बदललं तर अजूनच. घरात आठ महिन्यांचं लेकरू आहे. मोठ्या मुश्किलीनं झोपवते आणि सासूबाईंनी बातम्यांवरून सिनेमाचं चॅनेल लावलं की ते दचकून उठतं. सासूबाईंना कमी ऐकू येतं, त्यामुळे आवाज कमी ठेवा म्हणता येत नाही. टीव्हीच्या साउंडमध्ये Auto Volume सापडलं, ऑन केलं, काडीचा फरक नाही. टीव्ही बिघडला का? लवकर सांगा.

कापूसगाठ
टीव्ही कोणता? डिश कोणती?

आर्वीची_सून
३२ इंची, स्मार्ट नाही. फ्री डिश आहे. पण त्याचा आवाजाशी काय संबंध?

वऱ्हाडी_गडी
ताई, यूट्यूबमध्ये Stable volume म्हणून असते, ते ऑन करा. मी रात्री ओलिताले जातो तवा मोबाइलवर तेच लावतो. लय फरक पडते.

आर्वीची_सून
दादा, मी टीव्हीचं विचारलं आहे.

निवृत्त_मास्तर
ही चक्क नियमाची पायमल्ली आहे. केबल टेलिव्हिजन नेटवर्क नियम, १९९४ पाहा. सगळ्या चॅनेलचा आवाज सारखाच हवा असं त्यात आहे. लेखी तक्रार करा.

पुलगाव_टीव्ही_दुरुस्ती
मास्तर, नियम आहे खरा, पण त्यात एवढंच म्हटलं आहे की जाहिरात अवाजवी मोठी नसावी. चॅनेल-चॅनेलमधल्या फरकाबद्दल त्यात काही नाही. तक्रार जरूर करा, पण बाळ आज रात्री झोपलं पाहिजे ना.
ताई, एकच सांगा. आवाज टीव्हीतून येतो की दुसरीकडून?

आर्वीची_सून
होम थिएटरमधून. दिरांनी दिवाळीत आणलं. डिशच्या बॉक्सच्या लाल-पांढऱ्या पिना त्यात लावल्या आहेत, पिवळी टीव्हीत.

पुलगाव_टीव्ही_दुरुस्ती
मग टीव्ही ठणठणीत आहे. पिवळ्या पिनेतून टीव्हीला फक्त चित्र मिळतं. आवाज बॉक्समधून परस्पर होम थिएटरला जातो, टीव्हीत शिरतच नाही. जो आवाज टीव्हीपर्यंत पोचतच नाही, तो Auto Volume कसा आवरणार?
पैसे खर्च करण्याआधी तपासून घ्या. होम थिएटर बंद करा, लाल-पांढऱ्या पिना काढून टीव्हीत पिवळीच्या शेजारी लावा आणि टीव्हीच्याच स्पीकरवर ती दोन चॅनेल बदलून ऐका. Auto Volume एकदा बंद, एकदा चालू. फरक जाणवला तर टीव्हीच्या हेडफोनच्या भोकातून होम थिएटरला वायर न्या. एका टोकाला हेडफोनची पिन आणि दुसऱ्या टोकाला लाल-पांढरी, अशी तयार वायर मिळते. जोडताना टीव्हीचा आवाज अगदी कमी ठेवा, नंतर हळूहळू वाढवा.

कापूसगाठ
आणि बॉक्सचा आवाज फुल्ल, १०० वर ठेवायचा. आमच्याकडे तसाच आहे.

पुलगाव_टीव्ही_दुरुस्ती
फुल्लवर काही बॉक्सचा आवाज फाटतो. फाटलेला आवाज पुढे टीव्हीत सुधारत नाही. ८० च्या आसपास ठेवा, बातमीदाराचा ‘स’ खरखरला तर आणखी खाली आणा. मग बॉक्सच्या आवाजाला हात लावायचा नाही, फक्त टीव्हीच्या रिमोटनं कमीजास्त करायचं.

कापूसगाठ
आमचा तर कधीच फाटला नाही.

निवृत्त_मास्तर
पण मुळात जाहिरात मोठी असतेच का? त्यांना जास्त पॉवर देतात का?

पुलगाव_टीव्ही_दुरुस्ती
पॉवर नाही. सिनेमात माणसं हळू बोलतात, मध्येच एखादा ढोल वाजतो. जाहिरातीत हळू असं काही ठेवतच नाहीत, सगळंच दाबून त्या ढोलाच्या उंचीवर आणलेलं असतं. सर्वांत मोठा आवाज दोन्हीकडे तेवढाच, पण सरासरी जाहिरातीची जास्त, आणि कानाला सरासरीच कळते. युरोपात ही सरासरी मोजून एलयूएफएस या आवाजाच्या मापात उणे २३ वर ठेवण्याची शिफारस २०१० मध्ये झाली.

आर्वीची_सून
काका, करून पाहिलं. टीव्हीच्या स्पीकरवर लगेच फरक कळला. आज बाजारातून वायर आणून होम थिएटरही जोडलं. चॅनेल बदलल्यावर पहिला एखादा सेकंद आवाज उसळतो, मग बसतो. बाळ दोनदा चुळबुळलं, पण उठलं नाही. मात्र सकाळी कीर्तन लावलं तर टाळ वाजला की बुवांचा आवाज बुडतो, टाळ थांबला की वर येतो. सासूबाई म्हणतात, बुवा दूर गेल्यासारखे वाटतात.

पुलगाव_टीव्ही_दुरुस्ती
ते होणारच, ताई. टीव्हीला जाहिरात कोणती आणि टाळ कोणता हे कळत नाही, मोठं आलं की तो दाबतो. दाबायलाही क्षणभर लागतो, म्हणून ती पहिली उसळी. तुमच्या टीव्हीत कमी-जास्तची पायरी नसेल तर सकाळी बंद आणि रात्री चालू, एवढंच करता येईल.

आर्वीची_सून
पायरी नाही, फक्त ऑन-ऑफ आहे. सासूबाईंना रिमोटवर ते सापडत नाही.

वऱ्हाडी_गडी
काका, माह्या टीव्हीले हेडफोनचं भोकच नाही, ऑप्टिकल आहे. त्यातून जमते का?

पुलगाव_टीव्ही_दुरुस्ती
बऱ्याच टीव्हीत ऑप्टिकलमधून आवाज न आवरता तसाच बाहेर पडतो. आधी मॉडेल नंबर टाका, मागच्या स्टिकरवर असतो.