पक्षाघातानं पगार थांबला तर क्रिटिकल इलनेस कामाला येते का?

कोथरूडकर: वय ४१, भोसरीत नोकरी, घर माझ्याच पगारावर. महिन्याला ५८ हजार लागतात, त्यात २४ हजारांचा गृहकर्जाचा हप्ता. वडिलांना पक्षाघात झाला होता. १५ लाखांची क्रिटिकल इलनेस, म्हणजे यादीतला गंभीर आजार झाला की एकरकमी पैसे देणारी पॉलिसी, घ्यावी का?

औंधची अनुजा: मेडिक्लेम आहे ना? कॅशलेस होतं, आमचं तर एका दिवसात झालं.

सदाशिव पेठ: ते दवाखान्याचं बिल झालं हो, ते पगाराचं विचारतायत. माझं मत, घेऊ नका. काही झालं नाही तर हप्ता बुडाला. तेच पैसे आवर्ती ठेवीत टाका.

जुनी क्लेमवाली: मी १८ वर्षं क्लेम तपासले. पॉलिसी घ्या, पण पैसे केव्हा येतात ते समजून घ्या. पक्षाघाताच्या व्याख्येत मेंदूतला कायमचा दोष किमान ३ महिने टिकल्याचा पुरावा मागतात. लक्षणं विरून गेली, म्हणजे टीआयए असेल, तर काहीच मिळत नाही. पुढे कागद तपासण्यात वेळ जातो. म्हणून ५ महिन्यांचे २ लाख ९० हजार तुमच्याकडे हवेतच. त्यानंतर आलेले १५ लाख या खर्चाला जवळपास २६ महिने पुरतात.

एक फाइल अजून डोळ्यांसमोर आहे. माणसाला उजव्या हातानं घास उचलता येत नव्हता, आणि डिस्चार्ज कार्डावर नुसतं ‘प्रकृती स्थिर’. तीन महिन्यांनी न्यूरॉलॉजिस्टकडे परत जाऊन हातात किती ताकद उरली आहे ते लिहून आणलं, तेव्हा क्लेम सुटला. आणि वडिलांचा आजार प्रपोजल फॉर्ममध्ये लिहाच. एजंट म्हणाला ‘सोडा’, तरी लिहा.

चिंचवडकर ताई: माझ्या नवऱ्याची मणक्याची गादी सरकली, पाच महिने घरी होता. पगार बंद. पॉलिसी होती, पण यादीत हा आजारच नाही म्हणून पत्र आलं. मंगळसूत्र गहाण ठेवलं मी. यादी कोणी वाचून दाखवली नव्हती.

सदाशिव पेठ: हेच म्हणतोय मी! पगार कुठल्याही आजारानं थांबतो, पॉलिसी मात्र यादी बघते.

जुनी क्लेमवाली: ताई, वाचून फार वाईट वाटलं. यादीबाहेरच्या आजाराला दरमहा पगार भरून देणारी पॉलिसी आपल्याकडे सहजी मिळत नाही. अपघात विम्यात आठवड्याची भरपाई असते, पण अपघातालाच. पगार २१ हजारांच्या आत असेल तर ईएसआयचा आजारपणाचा लाभ मिळतो, वर्षात ९१ दिवस, ७० टक्के. कोथरूडकर त्यात बसत नसावेत. पण सदाशिव पेठ, तीन लाखांची ठेव सहाव्या महिन्यात संपते. हात नाही सावरला तर पुढे?

सदाशिव पेठ: आणि अडीच महिन्यांत सावरला, पण नोकरी गेली तर? तुमची पॉलिसी एक पैसा देणार नाही.

जुनी क्लेमवाली: नाही देणार. तिथे ठेवच.

कोथरूडकर: टर्म प्लॅनमध्येच रायडर म्हणून घेतली तर?

जुनी क्लेमवाली: ‘अ‍ॅक्सिलरेटेड’ आहे का ते बघा. तशी असेल तर दिलेले १५ लाख टर्मच्या रकमेतून वजा होतात. पक्षाघातानंतर बायकोमुलांसाठी तेवढंच कमी उरतं.