एकच जमीन, तिघांचे तीन शब्द : संवादातील पात्रे वेगळी कशी बोलवावीत?

मोगरी

सातारा जिल्ह्यातील एका गावात घडणारी कथा मी लिहीत आहे. वडील वारलेले आहेत, आई गावी एकटी राहते, मुलगा पुण्यात बँकेत अधिकारी आहे आणि जमिनीचा व्यवहार जुळवण्यासाठी एक दलाल घरी आलेला आहे. ज्यांना कथा वाचायला दिली, त्यांनी संवादांपुढची नावे झाकून पाहिली आणि कोण बोलत आहे हे कळत नाही, असे सांगितले. पहिल्या खर्ड्यातील संवाद असा आहे :

आई : "ही जमीन विकावी असे मला वाटत नाही. तुझ्या वडिलांनी तिच्यासाठी खूप कष्ट केले आहेत."

मुलगा : "परंतु त्या जमिनीतून काहीच उत्पन्न मिळत नाही. ती विकणेच योग्य ठरेल."

दलाल : "सध्या जमिनीला चांगली किंमत मिळत आहे. पुढच्या वर्षी इतकी मिळेल असे सांगता येत नाही."

आईच्या तोंडी "म्या", "न्हाय", "व्हय" असे शब्द घालून पाहिले, पण मग ती जुन्या तमाशाप्रधान चित्रपटातील बाई वाटू लागली. तिघांनाही ओळखू यावे, पण सोंग वाटू नये, यासाठी कोणते शब्द बदलावेत?

शुद्धपक्ष

आपला प्रयत्न योग्य दिशेने होता, फक्त अर्धवट राहिला असे मला वाटते. आई ग्रामीण आहे, तेव्हा तिची सगळी वाक्ये सातारी बोलीत हवीत. मुलगा शिकलेला आहे, त्याची भाषा प्रमाण ठेवावी. दलालाची भाषा दोन्हींच्या मधली असावी. शिवाय "केले आहेत", "मिळत आहे" ही लिहिण्याची रूपे आहेत. संवादात "केलेत", "वाटतं", "मिळतंय" अशी बोलण्याची रूपे वापरण्यास लेखननियमांचीही आडकाठी नाही. एवढे केले की प्रश्न सुटेल.

बांधावरचा

"केले"चे "केलं" करावेच, त्यात दुमत नाही. मात्र तेवढ्याने तिघे वेगळे होणार नाहीत, कारण तो बदल तिघांनाही सारखाच लागू होतो. वाक्ये बोलकी होतील, पण एकाच माणसाची राहतील. उच्चार बदलण्याच्या आधी नाम बदलून पाहावे, असे मी सुचवतो. तिन्ही वाक्यांत "जमीन" किंवा तिच्याबद्दलचे सर्वनाम आहे, आणि खरी अडचण तिथेच आहे. त्या घरात बसलेले तिघे एकाच तुकड्याकडे पाहत असले तरी त्याला तिघांचा शब्द एक असणे शक्य नाही.

सातारा-कोल्हापूरकडची बाई स्वतःच्या शेताला "रान" म्हणते. "रानात गेलेत" म्हणजे शेतावर गेलेत. त्यातही ती नुसते रान म्हणणार नाही, कारण तिच्या लेखी प्रत्येक तुकड्याला नाव असते : आंब्याखालची पट्टी, वरचा माळ, विहिरीकडचा मळा. मुलगा "जमीन" म्हणेल आणि एकरात मोजेल. दलाल "जागा" म्हणेल आणि गुंठ्यात मोजेल. चाळीस गुंठ्यांचा एक एकर होतो हे दोघांनाही ठाऊक असते, पण गुंठ्याचा भाव बोलणारा माणूस त्या रानाचे प्लॉट पडलेले आधीच पाहत असतो. "जागा रोडटच आहे" असे तो म्हणतो, तेव्हा त्याच्या वाक्यात पीक, विहीर, बांध यांतले काहीही उरलेले नसते. दलाल कोणत्या स्वभावाचा आहे हे वेगळे सांगायची गरज मग राहत नाही.

वऱ्हाडी वाचक

"रान" या शब्दावर थोडे थांबावे अशी विनंती आहे. आमच्याकडे रान म्हणजे जंगल, आणि शेताला आम्ही "वावर" म्हणतो. खानदेशातही वावरच म्हणतात. मोगरी यांची कथा विदर्भातील वाचकाने वाचली, तर आईने झाडोरा असलेली पडीक जागा राखून ठेवली आहे असा त्याचा समज होऊ शकेल. दुसरीकडे, पुण्यातील मित्राला मी "वावर विकले" असे म्हटले तेव्हा त्याला "वावरणे" आठवले होते. लिंगावरून फरक ओळखता येतो : घरातला "तो वावर" आणि पेरायचे "ते वावर". पण हे बाहेरच्याला सांगितल्याशिवाय कळत नाही.

बांधावरचा

आपली शंका रास्त आहे. प्रमाण भाषेतही रानडुक्कर, रानभाजी या शब्दांत रान म्हणजे जंगल हाच अर्थ टिकून आहे. पश्चिम महाराष्ट्रात तोच शब्द कसल्या जाणाऱ्या जमिनीसाठी रुळला. त्यावर उपाय म्हणजे त्या शब्दाशेजारी शेतीची एखादी क्रिया ठेवणे. "रान नांगरलं", "रानातले दगड वेचले" असे म्हटले की जंगलाचा अर्थ आपोआप गळून पडतो. आईच्या तोंडून अर्थ समजावून सांगू नये, कारण घरातले कोणीही घरातल्यांना शब्दाचा अर्थ सांगत नाही.

निवृत्त शिक्षिका

मला मुळातच एक आक्षेप नोंदवायचा आहे. माझी आई कराड तालुक्यातील, चौथीपर्यंत शिकलेली होती. तिच्या तोंडी कुणी "म्या" घातले असते तर तिला वाईट वाटले असते. ती आमच्याशी बोलताना रान म्हणायची. तलाठ्याकडे गेली की मात्र गट नंबर सांगायची, क्षेत्र किती ते सांगायची आणि सातबाऱ्याचा उतारा मागायची. खेड्यातील म्हातारी म्हणजे एकच बोली, असे गृहीत धरून लिहिलेल्या कथा मी अनेक वर्षे मुलांना शिकवल्या आणि दर वेळी ती गोष्ट मला खटकली.

शुद्धपक्ष

म्हणजे आईनेही प्रमाण भाषाच बोलावी, असे आपले म्हणणे आहे का? तसे केले तर मोगरी यांचा खर्डा जसा होता तसाच राहील.

निवृत्त शिक्षिका

तसे माझे म्हणणे नाही. समोर कोण बसले आहे त्यावरून तिचा शब्द बदलतो, एवढेच मला सांगायचे आहे. या प्रसंगात मुलगाही आहे आणि परका माणूसही आहे. दोघांशी ती सारखी बोलली, तर ती खोटी वाटेल.

बांधावरचा

शिक्षिकाबाईंचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे आणि तो दलालालाही लागू करावा. तो मुलाला "साहेब" म्हणेल आणि आईला "मावशी". वडिलांच्या मागे वारसनोंद झाली असेल तर सातबाऱ्यावर आईचेही नाव लागलेले असणार, म्हणजे तिच्या सहीशिवाय व्यवहार पुढे सरकणार नाही. ही गोष्ट दलालाला पक्की ठाऊक असते. म्हणून तो भाव साहेबांना सांगतो आणि आर्जव मावशींचे करतो.

आता क्रियापदांकडे येतो, कारण माझ्या मते आवाजाचा मोठा भाग नामापेक्षाही तिथे असतो. पहिल्या खर्ड्यात मुलगा "विकणेच योग्य ठरेल" म्हणतो. हे वाक्य अहवालातले आहे. असा मुलगा आईसमोर "विकावी लागेल" असे म्हणेल. या रचनेत विकणारा कोण ते सांगावे लागत नाही, आणि जणू बाहेरूनच सक्ती झाली आहे असे भासते. दलाल आणखी पुढे जाऊन "व्यवहार होऊन जाईल" म्हणेल. त्याच्या वाक्यात करणारा कोणीच नाही, सगळे आपोआप होते. आईच्या वाक्यात मात्र प्रत्येक वेळी कर्ता असावा : बापानं दगड वेचले, मी भाकरी घेऊन गेले, तू विकणार. हा फरक नीट पाळला तर एकही उच्चार न बिघडवता तिघे वेगळे होतील.

मोगरी

सर्वांच्या सूचना एकत्र करून पुन्हा लिहिले आहे. बोलणाऱ्यांची नावे मुद्दाम काढून टाकली आहेत.

"साहेब, जागा रोडटच आहे म्हणून गुंठ्याला हा भाव येतोय. पार्टी आज तयार आहे. एकदा टोकन घेतलं की बाकीचा व्यवहार होऊन जाईल."

"आई, तूच सांग, गेल्या तीन वर्षांत नांगरटीचा खर्च तरी निघाला का? आज ना उद्या विकावीच लागेल."

"आंब्याच्या बांधापर्यंतचं रान तुझ्या वडलांनी दगड वेचून काढलं. आपला बैल एकच. दुसरा पैऱ्याचा आणायचो."

"मावशी, आंबा तुमचाच राहील. तसं कागदावर घेता येईल."

"आंब्याचं कुणी विचारलं तुम्हाला?"

"आई, ते आपल्या चांगल्यासाठीच सांगतायत."

"तू विकणार आहेस का, ते सांग. विकावी लागेल म्हणू नकोस."

वऱ्हाडी वाचक

आता नावांची गरज भासत नाही. "पैऱ्याचा" हा शब्द मला नवीन आहे, पण आळीपाळीने एकमेकांचे बैल वापरण्याची रीत आमच्याकडेही असल्यामुळे वाक्यावरून अर्थ लागला. आई दलालाला उत्तर देताना रानाचे नाव घेत नाही आणि त्याला "तुम्ही" म्हणूनच झटकते, हे विशेष पटले.

शुद्धपक्ष

बोलीचे उच्चार अजिबात न घालताही आई गावची वाटते, हे मान्य करतो. पण "पार्टी", "टोकन", "रोडटच" हे शब्द मला खुपतात. "गिऱ्हाईक" आणि "इसार" हे मराठी शब्द असताना ते का वापरू नयेत?

बांधावरचा

"इसार" आजही चालतो, इसारपावती तर कागदावरही लिहिली जाते. पण या प्रसंगात तो शब्द दलालाला न देता आईला द्यावा. दलालाने टोकन म्हटले आणि नंतर आईने त्याच रकमेला "इसार घेतलास का?" असे मुलाला विचारले, तर एकाच पैशाला दोघांचे दोन शब्द होतील आणि तिला व्यवहार कळतो हेही दिसेल. शिक्षिकाबाईंनी सांगितलेली तलाठ्यापुढची आई अशी आतून येऊ शकेल.

शेवटच्या ओळीबद्दल मात्र मला शंका आहे. "विकावी लागेल म्हणू नकोस" हे वाक्य आईचे नाही, ते आपल्या या चर्चेचे आहे. मी इथे क्रियापदाबद्दल जे लिहिले, ते तिच्या तोंडी उतरले आहे. पात्र स्वतः समोरच्याच्या वाक्यरचनेवर बोलू लागले की त्याच्या मागे लेखक दिसू लागतो. तिला ते जाणवले असेल तर ती साधेच विचारेल : "कोण विकणार? तू का मी?" सातबाऱ्यावर दोघांची नावे असल्यामुळे त्या प्रश्नाला वजनही आहे.

निवृत्त शिक्षिका

येथे मी सहमत नाही. शब्दात पकडणारी माणसे घरोघर असतात आणि त्यांना त्यासाठी व्याकरण यावे लागत नाही. माझी आई नेमके असेच म्हणायची : "जमेल तसं बघू म्हणू नकोस, येणार का नाही ते सांग." मोगरी यांनी ती ओळ ठेवावी, असे मला वाटते.

मोगरी

"कोण विकणार? तू का मी?" ही ओळ घातली आणि प्रसंग मोठ्याने वाचला, तेव्हा मुलगा गप्प बसतो हे लिहावेच लागले नाही, ते ऐकू आले. इसाराचा प्रश्न तिच्याआधी घेत आहे. शिक्षिकाबाईंनी ठेवायला सांगितलेली ओळ मी टाकून दिलेली नाही, ती वेगळ्या प्रसंगासाठी राखून ठेवली आहे.

एक प्रश्न अजून सुटलेला नाही. संवादाबाहेरच्या निवेदनात त्या तुकड्याला मी स्वतः काय म्हणावे? "जमीन" लिहिले की मी मुलाच्या बाजूची वाटते, "रान" लिहिले की आईच्या. सध्या "आंब्याखालची पट्टी" असे लिहिले आहे, पण तेही नाव तिनेच दिलेले आहे.