मदत हवी आहे: सप्लायरचं स्टेटमेंट आणि आपलं लेजर यांत ५२,५०० चा फरक, क्रेडिट नोटा आणि अ‍ॅडव्हान्स लागत नाहीत

इतवारी_अकाउंट्स
नमस्कार मंडळी. नागपूरला इतवारीत वायर-केबलच्या होलसेल दुकानात अकाउंट्स पाहतो. बुटीबोरीच्या एका पार्टीने ३१ मार्चचं स्टेटमेंट पाठवलं, त्यात आमच्याकडून येणे ४,३८,९०० दाखवलं आहे. आमच्या टॅलीत त्यांचं देणे ३,८६,४०० आहे. बिलं आणि बाकी पेमेंट सगळी जुळली. अडलं ते तीन ठिकाणी:

जानेवारीत ५०,००० अ‍ॅडव्हान्स दिला होता, तो त्यांच्या स्टेटमेंटमध्ये कुठंच नाही. आम्ही केबलची चार बंडलं परत केली, २३,६०० ची डेबिट नोट टाकली. त्यांची क्रेडिट नोट मात्र १७,७०० चीच आहे. आणि ३,४०० ची एक क्रेडिट नोट त्यांच्याकडे दिसते, ती आम्हाला मिळालेलीच नाही.

शिवाय बिलवाइज रिपोर्टमध्ये २१२ नंबरचं १,१८,००० चं बिल पूर्ण उभं आहे आणि खाली ५०,००० अ‍ॅडव्हान्स वेगळा लटकलेला आहे. शेठ म्हणतात बिल पाहून चेक काढ. काय करू?

रोकडवही
भाऊ, एवढ्याशा फरकासाठी डोकं काहून लावून राहिला? एक जर्नल मार, फरक डिस्काउंट खात्यात टाक, मोकळा हो.

मेघा_धरमपेठ
असं करू नका! त्यातले ५०,००० तुमचे दिलेले पैसे आहेत. जर्नलने देणं वाढवाल आणि तेच पैसे पुन्हा भराल. क्रेडिट नोटांसाठी GSTR-2B पाहा. पार्टीने टाकली असेल तर तिथं दिसेल, नसेल तर ती धरायचीच नाही.

जुना_मुनीम
मेघाताईंचं पहिलं म्हणणं शंभर टक्के बरोबर, दुसरं अर्धंच. माल परतीची जीएसटीसह नोट 2B मध्ये दिसायलाच हवी. पण ३,४०० ची नोट बहुतेक स्कीम डिस्काउंटची असेल, जीएसटी न लावता दिलेली. ती 2B मध्ये येणारच नाही, तरी देणं कमी करतेच. तिची प्रत मागवा.

आता आकडे पाहा. त्यांच्याकडे अ‍ॅडव्हान्स नाही, म्हणून त्यांचं येणं ५०,००० ने जास्त. परतीत त्यांनी ५,९०० कमी धरले, म्हणून आणखी जास्त. उलट ३,४०० त्यांनी वजा केले, तुम्ही नाही. ५०,००० अधिक ५,९०० वजा ३,४००, म्हणजे बरोबर ५२,५००. फरक सापडला, चौथं काही दडलेलं दिसत नाही.

अ‍ॅडव्हान्स बहुतेक त्यांच्याकडे वेगळ्या खात्यात पडला असेल. बँकेचा यूटीआर नंबर आणि तारीख पाठवून ते खातं मागा. नुसतं ‘पेमेंट केलंय’ म्हटलं तर कोणी शोधत नाही.

शंकरनगर
माझंही असंच आहे, फक्त कस्टमरकडून येणं बाकी आहे आणि तो फोनच उचलत नाही. वसुलीसाठी काय करावं?

जुना_मुनीम
दादा, तो वसुलीचा विषय, वेगळा धागा काढा. इथं दोन्ही पार्ट्या बोलताहेत, फक्त वह्या जुळत नाहीत.

इतवारी_अकाउंट्स
मुनीमकाका, तुमचा अंदाज खरा निघाला. अ‍ॅडव्हान्स त्यांच्या ‘कस्टमर अ‍ॅडव्हान्स’ खात्यात होता, यूटीआर दिल्यावर लगेच सापडला. ३,४०० ची प्रतही आली, वर्षाच्या खरेदीवरचा डिस्काउंट आहे, जीएसटी नाही. आता बिल २१२ ला अ‍ॅडव्हान्स कसा लावू? जानेवारीचं पेमेंट व्हाउचर उघडून बदलू का?

जुना_मुनीम
जुनं व्हाउचर नका छेडू. एक जर्नल करा, दोन्हीकडे तीच पार्टी: डेबिटला ५०,००० `Agst Ref` करून बिल २१२ निवडा, क्रेडिटला ५०,००० `Agst Ref` करून तो अ‍ॅडव्हान्स निवडा. शिल्लक हलणार नाही, पण २१२ समोर ६८,००० उरतील. मग शेठनी बिल पाहून चेक काढला तरी दुबार पैसे जाणार नाहीत. पुढच्या वेळी खरेदीची एंट्री करतानाच बिलवाइज खिडकीत अ‍ॅडव्हान्स लावत जा.

३,४०० ची नोट घेतल्यावर तुमचं देणं ३,८३,००० होईल. त्यांचं अ‍ॅडव्हान्स वजा जाता ३,८८,९००. मधले ५,९०० म्हणजे एक बंडल, ५,००० अधिक १८ टक्के.

इतवारी_अकाउंट्स
हो, एकच बंडल. ते म्हणतात चौथं कापलेलं होतं म्हणून घेतलं नाही. आमच्या बिल्टीवर मात्र चार नग लिहिले आहेत.

मेघा_धरमपेठ
बिल्टीने नग पोचले एवढं सिद्ध होतं, बंडल अख्खं होतं हे नाही. नाकारलेला माल त्यांनी परत पाठवला का, ते विचारा.

इतवारी_अकाउंट्स
परत आलेला नाही. हेच लिहून मेल टाकतो. तोवर डेबिट नोट तशीच ठेवतो आणि बॅलन्स कन्फर्मेशनवर ५,९०० वादात आहेत असं लिहूनच सही करतो. त्यांनी मानलं नाही तर त्यातल्या ९०० जीएसटीचं काय, हे कोणाला माहीत असेल तर सांगा.