मदत हवी आहे: रँडम टीममध्ये माइकवर काय बोलावं? गाव न सांगता समोरच्याला कळलं

संत्रा_किंग
रँडम स्क्वॉडमध्ये माइक चालू केला की पहिलं काय बोलावं तेच सुचत नाही. गप्प राहिलं तर 'नूब है क्या', नमस्कार म्हटलं तर हसतात. परवा एकासोबत मस्त जमलं, दोन मॅच काढल्या. तिसऱ्यात तो म्हणते, 'भाई तू वरुड के पास का है ना?' मी गाव सांगितलंच नव्हतं! लवकर सांगा, रात्री खेळायचं हाये.

गुरुजी_निवृत्त
नमस्कारात हसण्यासारखं काय आहे? 'राम राम' म्हणावं, स्वतःचं पूर्ण नाव आणि गाव सांगावं. ओळख अशीच वाढते.

झोन_बाहेर
गुरुजी, बसस्टँडवर ठीक हाये, इथं नाही. @संत्रा_किंग, गेम कोणता? माइक ऑलवर होता का टीमवर? आयडी काय हाये तुझा?

विदर्भ_रिपेअर
माइकचा प्रॉब्लेम असेल तर इअरफोनची पिन साफ कर. आमच्याकडे कापसाच्या हंगामात अर्धे फोन याच तक्रारीनं येतात.

संत्रा_किंग
माइक चांगला हाये बाप्पा! बीजीएमआय. टीमवर होता. आयडीत MH27 हाये, त्यात काय?

झोन_बाहेर
त्यात अमरावती जिल्हा हाये, गाडीच्या पाटीवर असते तसाच. अर्धं उत्तर तू नावातच लिहून ठेवलं. पण वरुड कसं कळलं? माइक पूर्ण वेळ चालू ठेवतोस का?

संत्रा_किंग
हो, सारखा कोण बंद-चालू करणार? अंगणात बसतो, घरात रेंज नसते. थांबा... संध्याकाळी ग्रामपंचायतचा भोंगा वाजते. 'पाणीपट्टी भरा', अन् गावाचं नाव. आईपण पूर्ण नावानं हाका मारते.

झोन_बाहेर
मग झालं. भोंग्यावरून का आयडीवरून, की दोन्ही जोडून, ते त्यालाच ठाऊक. त्याचा हेतू वाईट होता असंही म्हणत नाही. शेजारच्या तालुक्याचा असेल तर सहज ओळखलं असेल.

माझी पद्धत सांगतो. लॉबीत गप्प. विमानात बसल्यावर माइक टीमवर ठेवून एकच वाक्य: 'हाय भाई लोग, कहाँ उतरना है? मैं मार्क कर रहा हूँ.' अभिवादन झालं, अन् समोरच्याला उत्तर द्यायला कामाचं काही मिळालं. नुसत्या नमस्कारावर पुढे काय बोलावं हे त्यालाही कळत नाही, म्हणून हसतात. मग माइक बंद. शत्रू दिसला, औषध पाहिजे, तेव्हाच चालू. ऑलवर तर नमस्कारही नको, तिथं टीमबाहेरचेही ऐकतात.

कोणी 'कहाँ से हो' विचारलं तर 'महाराष्ट्र' एवढंच. पुन्हा खोदलं तर 'भाई, झोन आ रहा है'. चांगला खेळाडू तिथंच सोडते. सोडत नसेल, शाळा-कॉलेज विचारत असेल, 'वॉट्सॅपपे आ' म्हणत असेल, तर त्याच्या नावापुढचा आवाज बंद कर अन् मॅच संपल्यावर ब्लॉक. भांडत बसू नको.

पोचिंकी_ताई
एवढं लफडं कशाला? माइकच बंद ठेवा. मी दोन वर्षं फक्त तयार मेसेजवर खेळते. बाईचा आवाज ऐकला की अर्धी टीम गेम सोडून गप्पा मारायला येते.

झोन_बाहेर
ताई, तुमचं खरं हाये, पण शेवटच्या झोनमध्ये तयार मेसेज शोधेपर्यंत माणूस मरते.

पोचिंकी_ताई
मरते तर मरू दे. गेमच हाये.

कर्जाचा_डबा
माझं ऐका. 'हाय ब्रो'पासूनच सुरू झालं होतं. आठ दिवस माझ्यासोबत खेळला, मग म्हणे गेममधले पैसे, यूसी, फुकट देतो, या लिंकवर लॉगिन कर. अकाउंट गेलं. पैसे गेले असते तर लगेच 1930 ला फोन केला असता, पण अकाउंटसाठी कुठं जावं हे कळलंच नाही.

विदर्भ_रिपेअर
ओटीपी दिला होता का?

कर्जाचा_डबा
...दिला होता.

गुरुजी_निवृत्त
म्हणजे आता माणसानं माणसाला नावही सांगू नये?

झोन_बाहेर
सांगा ना गुरुजी, खेळातलं नाव सांगा. महिनाभर सोबत खेळल्यावर खरं सांगायचं की नाही, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

संत्रा_किंग
भोंगा सातला वाजते, आता साडेसातनंतर बसतो. काल ते मार्कवालं वाक्य बोललो, दोघं लगेच 'ठीक है भाई' म्हणाले, कोणी हसलं नाही. आयडीचं नाव बदलायला गेममधलं कार्ड लागते म्हणते. अन् एक सांगायचं राहिलं, माझ्या फोनवर लहान बहीणपण खेळते, आठवीत हाये. तिनं काय करावं?

पोचिंकी_ताई
हे पहिल्याच पोस्टमध्ये सांगायचं ना रे! तिचा माइक पूर्ण बंद. तिच्यासाठी तयार मेसेजच. अन् आधी आयडी बदल, ती त्याच नावानं खेळते ना?

संत्रा_किंग
हो त्याच. पण ती ऐकत नाही, तिला बोलायचंच हाये.