प्रतिसाद: फरक व्होल्टेजचा आहे

«३९ युनिट विजेत एक किलो हायड्रोजन मिळतो, मग फ्युएल सेलने निदान ३० तरी परत द्यावेत.»

३९.४ युनिट हा आकडा पाण्यातून हायड्रोजन काढणाऱ्या इलेक्ट्रोलायझरच्या सेलला १.४८ व्होल्टच लागतील असे धरून येतो. हायड्रोजन बनवताना आणि फ्युएल सेलमध्ये त्याची पुन्हा वीज करताना, किलोमागे दोन्ही दिशांना विद्युतभार सारखाच, सुमारे २६,६०० अँपिअर-तास, वाहतो. बदलते ते व्होल्टेज. वडोदऱ्यात मी हाताळलेल्या इलेक्ट्रोलायझरच्या सेलवर पूर्ण भाराला १.९ व्होल्ट दिसत, म्हणजे किलोला ५०.५ युनिट, रेक्टिफायर, पंप आणि वायू वाळवणारा ड्रायर धरून मुख्य मीटरवर ५५च्या आसपास. फ्युएल सेल भाराखाली साधारण ०.६५ व्होल्ट देतो, म्हणून परतावा १७ युनिटांचाच, आणि त्यातूनही त्याचा हवेचा ब्लोअर आपला वाटा घेतो. भार कमी केल्यास सेलचे व्होल्टेज वाढते आणि परतावाही सुधारतो, मात्र तेवढ्याच शक्तीसाठी सेलांचा मोठा, महागडा स्टॅक घ्यावा लागतो.