शब्दचर्चा : ‘आखूड’ रेघ की ‘तोकडी’, आणि चाल ‘सुरक्षित’ कशी?

लेखणीवाली
अल्गोरिदमवरच्या एका पाठाचं मराठी करते आहे आणि एका वाक्यावर अडकले आहे. कोडं असं आहे. एका ओळीत सारख्या अंतरावर उभ्या रेघा आहेत, उंच्या कमीजास्त. त्यांतल्या दोन निवडायच्या आणि त्यांच्यामध्ये जास्तीत जास्त पाणी मावलं पाहिजे. पाणी म्हणजे दोघींमधलं अंतर गुणिले दोघींतली कमी उंची. रीत अशी की दोन्ही टोकांना एकेक पॉइंटर ठेवायचा, पाणी मोजायचं आणि जी बाजू कमी उंचीची असेल तिकडचा पॉइंटर एक घर आत घ्यायचा. दोघे भेटले की संपलं.

मी लिहिलंय : ‘आखूड बाजूचा दर्शक आत सरकवणे सुरक्षित असते.’ शब्द सगळे मराठी आहेत, पण वाक्य वाचून काहीच कळत नाही. ‘आखूड’, ‘दर्शक’, ‘सुरक्षित’ या तिन्हींबद्दल मत हवंय.

जुना सीवाला
पॉइंटर म्हणजे मेमरीतला पत्ता. ‘दर्शक’ चालणार नाही, ‘पत्ता’च लिहा. आम्ही सी शिकलो तेव्हापासून हेच सांगतोय.

कोशकिडा
सीवाले, तो पॉइंटर वेगळा. इथे पत्ता वगैरे काही नाही, ‘आत्ता मी या रेघेपाशी आहे’ एवढंच सांगणारा क्रमांक आहे. पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवून वाचतात, तसं. मला विचाराल तर ‘बोट’ लिहा. ‘डावं बोट, उजवं बोट’ म्हटलं की लहान मुलालाही कळेल.

आता ‘आखूड’. आखूड दोरी, आखूड बाह्या, आखूडशिंगी बहुदुधी. लांबी कमी आहे एवढंच तो शब्द सांगतो. उभ्या वस्तूला आपण आखूड सहसा म्हणत नाही, बुटकी किंवा ठेंगणी म्हणतो. ‘बुटकी रेघ’ करा.

गणोबा
बुटकी नको. बुटकी रेघ कुणाच्याही शेजारी उभी केली तरी बुटकीच असते. इथे तसं नाही. 9 उंचीची रेघ 10 च्या समोर आली की तीच कमी पडते, आणि मग तिलाच सोडावं लागतं. म्हणून ‘तोकडी’. तोकडं हे नेहमी कशाच्या तरी मानाने असतं. ‘तोकडी पडते’ असं आपण म्हणतो. ‘बुटकी पडते’ म्हटलं तर अर्थच बदलेल. पाण्याची पातळी जिच्यामुळे अडते ती तोकडी.

लेखणीवाली
‘तोकडी’ आवडला. ‘बोट’ही घेते, थोडं घरगुती वाटतंय तरी. पण खरी अडचण ‘सुरक्षित’ची आहे. तोकडी बाजू सरकवल्यावर पाणी वाढतंच असं थोडंच आहे?

नवशिक्या
वाढतं ना, म्हणून तर तोकडी सरकवायची! उंच बाजू सरकवली तर अंतर कमी होतं आणि पातळी तोकडीवरच अडून राहते, म्हणजे पाणी घटणारच. तोकडी सरकवली तर पुढे उंच रेघ मिळू शकते. परवाच एका परीक्षेत मी हे लिहिलं, अर्धेच गुण मिळाले. का ते अजून कळलेलं नाही.

गणोबा
तुमच्या उत्तरात ‘मिळू शकते’ आहे, बहुधा तिथेच अर्धे गुण गेले. आशा म्हणजे पुरावा नव्हे. एक उदाहरण घेऊ. रेघा क, ख, ग, घ, च, छ आणि उंच्या अनुक्रमे 4, 2, 9, 5, 10, 3. शेजारच्या दोघींत अंतर 1.

सुरुवातीला बोटं क आणि छ वर. अंतर 5, तोकडी छ, पाणी 15. छ सोडली. आता क आणि च, अंतर 4, तोकडी क, पाणी 16. क सोडली. मग ख आणि च : 3 गुणिले 2, फक्त 6. ख सोडली. ग आणि च : 2 गुणिले 9, म्हणजे 18. ग सोडली, घ आणि च मध्ये 5. संपलं. उत्तर 18.

आकडे ओळीने बघा : 15, 16, 6, 18, 5. तोकडी सरकवल्यावर पाणी 16 वरून थेट 6 वर घसरलंय. ती चाल चुकीची नव्हती. म्हणजे ‘सुरक्षित’चा अर्थ ‘पुढचं चांगलं निघेल’ असा मुळीच नाही.

कोशकिडा
मग तो शब्द इथे बसतच नाही. सुरक्षित म्हणजे नीट राखलेलं. दागिना सुरक्षित असतो, ठेव सुरक्षित असते. चालीला कोण राखणार? चाल ‘निर्धोक’ असते. सुरक्षित राहतं ते उत्तर.

गणोबा
अगदी हेच! आणि क्रियापदही ‘सरकवणे’ नको, ‘बाद करणे’ हवं. सरकवणं दिसतं बोटाचं. खरं घडतं ते हे की एक रेघ कायमची बाद होते, तिच्या उरलेल्या सगळ्या जोड्यांसकट. सगळा प्रश्न एवढाच की त्या न मोजलेल्या जोड्यांत सगळ्यात मोठं पाणी दडलं असेल का.

पहिलीच चाल घ्या. छ ची उंची 3. आतल्या कुठल्याही रेघेशी तिची जोडी लावा, पातळी 3 च्या वर जाणार नाही, कारण छ स्वतःच तिथे अडवते. अंतर मात्र 5 पेक्षा कमीच होणार. म्हणजे छ च्या उरलेल्या चारही जोड्या 15 च्या खालीच : च शी 3, घ शी 6, ग शी 9, ख शी 8. आतल्या रेघा हजार उंचीच्या असत्या तरी फरक पडला नसता. छ ला जे जास्तीत जास्त जमणार होतं ते तिने आत्ताच दाखवलंय, आणि ते आपण टिपून ठेवलंय. म्हणून तिला बाद करायला भीती नाही.

उंच बाजूबद्दल हे म्हणता येत नाही. क ची उंची 4, पण समोरच्या छ मुळे पातळी 3 वरच अडली होती. समोरची बदलली तर क आणखी देऊ शकते, आणि देतेही : च शी 16.

नवशिक्या
थांबा. ख बाद केली तेव्हा तिच्या नावावर 6 होतं. ‘जास्तीत जास्त जमणार होतं ते दाखवलं’ म्हणता, पण ख आणि छ मध्ये तर 8 मावतं! तुम्हीच वर लिहिलंय. अंतर 4, उंची 2. ही जोडी कधी मोजलीच नाही. मग?

गणोबा
शाब्बास, माझं वाक्य ढिलं होतं. ख ने आपलं सगळ्यात जास्त दाखवलं, पण फक्त *अजून उरलेल्या* रेघांमधलं. छ आधीच बाद झाली होती, आणि ख–छ ही जोडी तेव्हाच छ बरोबर गेली. तेव्हा 15 टिपलेलं होतं आणि 8 त्याच्या खाली आहे. कुठलीही न मोजलेली जोडी घ्या. तिच्यातली जी रेघ आधी बाद झाली, ती बाद होताना दुसरी बोटांच्या आतच होती. त्याच क्षणी ती जोडी हिशेबात आली. दोनदा विचारायची गरज नाही, आणि एकही जोडी निसटत नाही.

एकूण 15 जोड्या होत्या, मोजल्या 5.

जुना सीवाला
बरं, पत्त्याचं सोडा. पण ग आणि च मध्ये घ उभी आहे ना, 5 उंचीची. तिने पाणी अडवलं असेल, 18 कसं?

लेखणीवाली
सीवाले काका, तुम्ही दुसरं कोडं धरलंय. भिंतींच्या माथ्यावर पावसाचं पाणी साचतं आणि प्रत्येक भिंत जागा खाते, ते वेगळं. इथे रेघांना जाडी नाही, मधल्या रेघा नसल्यासारख्याच. पाठात हे लिहायला हवं हे मात्र कळलं.

जुना सीवाला
मग उंच बाजू सरकवून पाहिली का कुणी? सांगताय सगळे, पाहिलं कुणीच नाही.

गणोबा
पाहू. क, छ : 15. उंच ती क, म्हणून क बाद. ख, छ : 8. आता उंच छ, बाद. ख, च : 6. उंच च, बाद. इथेच 18 गेलं, कारण ते च शिवाय होत नाही. पुढे ख–घ 4, ख–ग 2. हाती 15. चालवून बघायचं असेल तर मूळ रीत ही, `h` मध्ये उंच्या :

```python
l, r, best = 0, len(h) - 1, 0
while l < r:
    best = max(best, (r - l) * min(h[l], h[r]))
    if h[l] < h[r]:
        l += 1
    else:
        r -= 1
```

लेखणीवाली
दोन्ही सारख्या उंचीच्या असतील तर तोकडी कोण? इथे उजवी बाद होते असं दिसतंय.

गणोबा
दोघीही. दोघींचीही पातळी आपापल्या उंचीला भिडलेली असते, त्यामुळे कुठलीही बाद करा. हवं तर दोन्ही एकदम.

कोशकिडा
म्हणजे ‘तोकडी’ तिथे फसला की! सारख्या उंचीच्या दोघींना तोकडी म्हणणं माझ्या कानाला खटकतं. ‘पातळी अडवणारी’ म्हणा, ते दोघींनाही लागू पडेल.

लेखणीवाली
लांब होतंय, पण अर्थ पक्का बसतो. आत्ता असं लिहिलंय : ‘जी रेघ पाण्याची पातळी अडवते ती बाद करणे निर्धोक असते, कारण तिच्या न मोजलेल्या जोड्यांत टिपलेल्यापेक्षा जास्त पाणी मावूच शकत नाही.’ ‘तोकडी’ पुढच्या परिच्छेदात वापरेन, सोडवत नाहीये.

नवशिक्या
मग दुसऱ्या क्रमांकाचं पाणीही याच रीतीने काढता येईल ना? मोजलेल्यांतलं दुसरं मोठं घ्यायचं. एका स्पर्धेच्या तयारीसाठी हवंय.

गणोबा
नाही! उंच्या 9, 1, 9, 10 घ्या. मोजली जातात 27, 2 आणि 9. खरं दुसरं मोठं पाणी पहिल्या आणि तिसऱ्या रेघेत, 18. पहिली रेघ बाद होताना ते तिच्याबरोबर गेलं.

कोशकिडा
म्हणजे ‘निर्धोक’लाही पुस्ती हवी. कशासाठी निर्धोक?

लेखणीवाली
वाक्य पुन्हा उघडते. ‘सगळ्यात मोठ्या पाण्यापुरती निर्धोक’ कसं वाटतंय? ‘पुरती’ जरा बोचतोय.