अबोला लिहायचा, तर त्याचे कारण वाचकाला कळले पाहिजे का?

अर्धविराम:
मी एक कथा लिहीत आहे. वडिलांशी भांडून मुलगा घर सोडून गेला आहे आणि मागे उरलेले आईवडील त्याच्याबद्दल एकमेकांशी चकार शब्द काढत नाहीत. पहिल्या खर्ड्यात मी लिहिले होते, "दोघांच्या मध्ये मौनाची भिंत उभी होती. तिच्या ओठांवर पुष्कळ काही येत होते, पण शब्द फुटत नव्हते." हे माझे मलाच खोटे वाटते. भांडण कशावरून झाले हे वाचकाला सांगावे, की त्या दोघांप्रमाणे मीही गप्प राहावे? माझा कल गप्प राहण्याकडे आहे. विरुद्ध मते ऐकायला आवडतील.

शब्दवेल्हाळ:
तुमचा कल योग्यच आहे. हिमनगाचा एक अष्टमांश भागच पाण्यावर असतो आणि त्याच्या चालीचा डौल त्यामुळेच असतो, असे हेमिंग्वेने १९३२ सालीच लिहून ठेवले आहे. तेव्हा भिंतीचे वाक्य काढा, ओठांचे काढा, भांडणाचा उल्लेखही काढा. संवादात माणूस जिथे अडखळतो तिथे तीन टिंबे द्या आणि खाली एक ओळ मोकळी सोडा. उरलेले वाचक पाहून घेईल.

नेपथ्य:
भिंत काढा, इथपर्यंत मी सहमत आहे. पुढचे मात्र अर्धेच सांगितले गेले. जो लेखक ठाऊक नाही म्हणून एखादी गोष्ट गाळतो, त्याच्या लिखाणात नुसत्या पोकळ जागा राहतात, असेही हेमिंग्वेने तिथेच बजावले आहे. टिंबे ही बहुतेक वेळा अशीच पोकळ जागा असते. तालमीत ती लगेच उघडी पडते. नट टिंबांपाशी थांबतो आणि विचारतो, "इथे मी नेमके काय गिळले?" लेखकाला त्याचे उत्तर देता आले नाही, तर प्रयोगात नट वाक्य विसरल्यासारखा दिसतो.

माझ्या मते या बाबतीत चेकॉव्हच्या १९०४ सालच्या 'द चेरी ऑर्चर्ड'मधला चौथ्या अंकातला प्रसंग नीट उलगडून पाहण्यासारखा आहे. लोपाखिन वार्याला मागणी घालणार, हे घरातले सगळे धरून चालले आहेत. घर विकले गेले आहे, सामान बांधून झाले आहे, गाडीची वेळ होत आली आहे. दोघांना मुद्दाम एकटे सोडले जाते. वार्या आत येते ती सामानात काहीतरी शोधत. काय शोधते आहे असे तो विचारतो, तेव्हा आपणच बांधले आणि आपल्यालाच आठवत नाही, असे ती म्हणते. मग ती आता कुठे नोकरीला जाणार, तो कोणत्या गावी निघाला आहे, गेल्या वर्षी या दिवसांत बर्फ पडत होते, आज ऊन आहे पण थंडी शून्याखाली तीन अंश आहे, अशी बोलणी होतात. आपण पाहिले नाही आणि आपले थर्मामीटर फुटलेले आहे, असे ती सांगते. तेवढ्यात बाहेरून कोणीतरी लोपाखिनला हाक मारते आणि जणू त्या हाकेचीच वाट पाहत असल्यासारखा तो निघून जातो. लग्नाचा शब्दही निघत नाही.

हा प्रसंग आपल्याला कळतो, कारण तो सुरू होण्याच्या जेमतेम काही क्षण आधी वार्याच्या दत्तक आईने लोपाखिनला मागणी घालण्याविषयी स्पष्ट विचारलेले असते आणि तोही लगेच हो म्हणालेला असतो. ही गोष्ट आधी कोणीतरी मोठ्याने बोललेले नसते, तर ती थर्मामीटरची चर्चा हवापाण्याचीच वाटली असती. म्हणून तुमच्या कलाच्या विरुद्ध मत देतो. पात्रांनी जे बोलायचे नाही, ते वाचकाला आधी कुठून तरी कळलेले असले पाहिजे.

कोरडवाहू:
तुमच्याच उदाहरणाने तुमचा मुद्दा लंगडा पडतो. लोपाखिन काय विचारत नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. तो का विचारत नाही, हे चेकॉव्हने कुठे सांगितले आहे? त्याचे मन वार्यापेक्षा तिच्या आईकडे ओढते म्हणून, की तो भूदासांच्या कुळातला आणि ती मालकांच्या घरातली म्हणून, की धंद्यापुढे त्याला सवडच नाही म्हणून? यांतले एक कारण नक्की केले असते, तर तो प्रसंग वाचून संपला असता. प्रश्न भांडणाच्या कारणाचा आहे, म्हणजे 'का'चाच आहे. ते कारण सांगितले की वाचक न्यायाधीश होऊन बसतो, बाप चुकला की मुलगा एवढेच ठरवतो आणि घरातला अबोला पाहायचे सोडून देतो. मी तर म्हणतो, ते कारण लेखकालाही ठाऊक नसले तरी चालेल.

नेपथ्य:
शेवटचे वाक्य सोडून बाकी मान्य आहे. मुलगा गेला, बापाच्या एका वाक्यानंतर गेला आणि ते वाक्य आईने ऐकले, एवढे वाचकाला कळले पाहिजे. भांडणाचा विषय झाकलेला राहू द्या. परंतु लेखकाला तो ठाऊक नसेल, तर आई कोणता विषय टाळते हे तो कसे ठरवणार? भांडण लग्नावरून झाले असेल, तर शेजारच्या लग्नाची पत्रिका आल्यावर घरात एक गोष्ट घडेल. पैशावरून झाले असेल, तर ती घडणार नाही.

खाडीकाठ:
मला इथे लिहावेसे वाटले, कारण माझे आणि थोरल्या भावाचे वाटणीनंतर बोलणे नाही. घरचा गणपती मात्र एकच आहे आणि दोघेही पाच दिवस मूळ घरी येतो. आरतीचे ताट तो माझ्या हातात देतो ते वहिनींशी बोलत बोलत. विसर्जनाला जाताना पाट दोघांनाच धरावा लागतो, कारण मुले अजून लहान आहेत. पाखाडी उतरताना "जरा डावीकडे", "थांब, शेवाळ आहे" एवढेच काय ते बोलणे होते. वर आलो की तेही बंद. अशा वेळी पहिला शब्द कोणी टाकावा, याबद्दल जाणकारांनी काही सुचवावे.

माजघर:
खाडीकाठ, इथे चर्चा कथेतल्या अबोल्याची चालली आहे, त्यामुळे तुम्हाला सल्ला कोण देईल कोण जाणे. पण तुम्ही जे लिहिले ते वरच्या सगळ्या वादापेक्षा कामाचे आहे. अबोला धरलेली माणसे गप्प नसतात. एका घरात राहायचे तर बोलावे लागतेच, मात्र ते कामापुरते आणि कोणालाही उद्देशून नसल्यासारखे बोलले जाते.

अर्धविराम, तुमच्या कथेतली आई नवऱ्याशी एरवी कशी बोलत असेल? "अहो, जेवायला येता ना?" अबोला आला की आधी "अहो" जाते आणि मग क्रियापदातून माणूसच निघून जातो. "पान वाढलंय." "पाणी तापलंय." हे भिंतीला सांगितले काय आणि नवऱ्याला सांगितले काय, सारखेच. याहून जवळची सोय म्हणजे मधला माणूस. "बाबांना विचार, अजून एक पोळी हवी का," आणि बाबा समोरच बसलेले. आपल्याकडच्या अनेक घरांत असे निरोप मुलांनीच इकडून तिकडे केलेले आहेत. तुमच्या कथेत निरोप पोहोचवणारा तो मुलगाच निघून गेला आहे. म्हणजे या जोडप्याचे आधीपासून जे काही बोलणे होते तेही त्याच्यामार्फतच होते, असे असेल, तर त्याच्या जाण्याने केवळ एक विषय बंद झालेला नाही, बोलण्याची वाटच बंद झाली आहे. आता पोळी हवी का हे विचारायचे कसे, या अडचणीत तुमचा प्रसंग आहे. त्यासाठी भांडणाचे कारण लागणारही नाही.

कोरडवाहू:
माजघर यांचे म्हणणे मी बिनशर्त मान्य करतो. फक्त एक विनंती आहे. आईने चुकून तीन पाने घेतली आणि मग एक उचलून ठेवले, असे कृपा करून लिहू नये. ते तिसरे पान मराठी कथेत इतक्या वेळा मांडून झाले आहे, की वाचक ते दिसण्याआधीच उसासा टाकून मोकळा होतो.

अर्धविराम:
तिसरे पान माझ्या वहीत होते, ते आता कापले आहे. नवा तुकडा असा आहे:

"रविवारी सकाळी त्यांनी अंगणातल्या मोटारसायकलवरचे प्लास्टिक काढले. पाचसहा किका मारल्यावर ती सुरू झाली. स्वयंपाकघराच्या खिडकीतून आवाज आला.
'आज वेळ लागला.'
'बॅटरी उतरते. उभी राहून राहून.'
'विकलेली बरी.'
'कागद आपल्या नावावर नाहीत.'
'मग सही लागेल.'
त्यांनी अ‍ॅक्सिलरेटर पिळला. धुराने प्राजक्ताची खालची पाने हलली. तिला क्षणभर तो परत आल्यासारखे वाटले."

नेपथ्य:
सहीचे वाक्य फार चांगले उतरले आहे. नाव न घेता मुलगा तिथे आला आहे आणि तो आईने आणला आहे. विकण्याची गोष्ट काढून खरे म्हणजे तिने त्याला शोधायला सांगितले आहे, आणि त्यावर बापाचे उत्तर म्हणजे इंजिनाचा आवाज. शेवटचे वाक्य मात्र काढा. तुमची जुनी भिंतच तिथे परत उभी राहिली आहे. पत्रिकेचा किंवा पैशाचा एखादा धागाही कुठेतरी हवा, या माझ्या म्हणण्यावर मी अजून ठाम आहे.

शब्दवेल्हाळ:
'मग सही लागेल' याच्यानंतर निदान टिंबे तरी द्यावीत. नाहीतर वाचक तसाच पुढे जाईल.

माजघर:
जाऊ द्या की. बापसुद्धा तसाच पुढे जायला बघतो आहे. टिंबे दिली तर ती थांबल्याचे आपण सांगितल्यासारखे होईल, आणि ती तर अगदी हिशेबाची गोष्ट बोलावी तशी बोलली आहे.

खाडीकाठ:
एक दुरुस्ती सुचवतो. किकने सुरू करायच्या गाडीला बॅटरी उतरल्याचा सहसा फारसा अडथळा होत नाही. बॅटरी लागते ती सेल्फला. आठवडाभर उभी राहिलेली जुनी गाडी किकने लवकर उठत नाही, तेव्हा दोष बहुधा कार्बोरेटरमधल्या पेट्रोलचा असतो. चोक ओढून दोन किका मारल्या की ती उठते. गाडीची माहिती असलेला माणूस तिथे बॅटरीचे नाव घेणार नाही.

कोरडवाहू:
मग बॅटरीच राहू द्या. गाडी मुलाची आहे आणि बापाला तिच्यातले काही कळत नाही, हे त्या एका चुकीत आले. चोकही ओढायला नको.

नेपथ्य:
चूक आहे हे वाचकाला कळले तर ना. ज्याने कधी मोटारसायकल चालवली नाही, त्याच्यासाठी ती बॅटरीच आहे.

कोरडवाहू:
त्याच्यासाठी सही आहे. प्रत्येक वाचकाला प्रत्येक गोष्ट कळावी, ही तुमची अट मला पहिल्यापासून मान्य नाही.

अर्धविराम:
शेवटचे वाक्य काढले आहे आणि बॅटरी ठेवली आहे. भांडण कशावरून झाले ते मी वहीत स्वतःपुरते लिहून ठेवले आहे. पत्रिकेचा प्रसंग लिहून पाहते. तो कथेत राहीलच असे नाही.